राउटरच्या नावातली पणती: ३२ बाइटांत काय मावतं आणि काय तुटतं

दिवाळीच्या आसपास फोनवर वायफायची यादी उघडली की आजूबाजूच्या घरांची नावं बदललेली दिसतात. कुणाच्या नावापुढे पणती, कुणाच्या फटाका, कुणाचं नुसतंच लाल बदाम. फोनवर हे सगळं छान दिसतं. पण तेच नाव प्रिंटरच्या छोट्या पडद्यावर चौकोन होतं, एखाद्या लॅपटॉपवर `ðŸª”` असं काहीतरी होतं, आणि दारावरचा कॅमेरा तर जोडलाच जात नाही, वर "पासवर्ड चुकीचा" म्हणतो. पासवर्ड मात्र बरोबर असतो.

या तिन्ही तक्रारी एकसारख्या वाटतात, पण त्यांची कारणं वेगळी आहेत आणि उपायही वेगळे. नावं आणि बाइट यांचा घोळ हा माझ्या अभ्यासाचा रोजचा भाग, म्हणून आज एकच नाव घेऊन ते राउटरपासून पडद्यापर्यंत कसं जातं ते बघू. नाव असं:

```
आईचं घर 🏠❤️🪔
```

समजा, आई एकटी राहते आणि मुलाने दुसऱ्या गावाहून राउटरच्या अॅपमधून हे नाव ठेवलंय. हेतू चांगलाच आहे. आता काय होतं?

हवेत अक्षरं नसतात

वायफायच्या नावाला तांत्रिक भाषेत एसएसआयडी म्हणतात. राउटर दर सेकंदाला साधारण दहा वेळा "मी इथे आहे" असा छोटा संदेश हवेत सोडतो. त्याला बीकन म्हणतात, आणि त्यात हे नाव असतं. मूळ मानकात या नावाबद्दल फारच थोडं सांगितलंय: लांबी ० ते ३२ बाइट, आणि आत कुठलेही बाइट चालतील. ते बाइट मराठी आहेत, चिनी आहेत की इमोजी आहेत याचा तिथे उल्लेखच नाही. म्हणजे मानकाच्या दृष्टीने एसएसआयडी हा मजकूर नव्हेच, ती नुसती आकड्यांची माळ आहे.

पुढे २०१२ च्या आवृत्तीत एक सोय आली. बीकनमध्ये क्षमता सांगणारा एक भाग असतो, त्यातल्या एका बिटने राउटर जाहीर करू शकतो की "माझं नाव यूटीएफ-८ मध्ये लिहिलंय, तसंच वाचा." लिनक्सवर `hostapd` वापरून राउटर बनवला तर हे एका ओळीत होतं:

```
utf8_ssid=1
```

हा बिट लावणं मात्र राउटरच्या मर्जीवर आहे. तो लावलेला नसला की घेणाऱ्या यंत्राला अंदाज बांधावा लागतो. आजचे फोन डोळे मिटून यूटीएफ-८ धरतात आणि बहुतेक वेळा बरोबर ठरतात. जुनी यंत्रं वेगळं काहीतरी धरतात, आणि गोंधळ तिथून सुरू होतो.

आधी मोजणी

यूटीएफ-८ मध्ये इंग्रजी अक्षराला १ बाइट लागतो, देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ आणि बहुतेक इमोजींना ४. इथे "चिन्ह" म्हणजे आपण शाळेत मोजतो ते अक्षर नव्हे. काना, वेलांटी, अनुस्वार, हलन्त हे सगळे स्वतंत्र मोजले जातात. "सह्याद्री" हे बोलायला तीनच अक्षरी नाव आहे, पण त्यात नऊ चिन्हं आहेत, म्हणजे २७ बाइट. त्यापुढे एक इमोजी बसतो, दुसऱ्याला जागा नाही.

आता आपलं नाव मोजू. "आईचं" मध्ये आ, ई, च आणि अनुस्वार, म्हणजे १२ बाइट. एक रिकामी जागा, १३. "घर" चे ६, एकूण १९. पुन्हा रिकामी जागा, २०. घराचा इमोजी ४, एकूण २४. मग बदाम. तो दिसतो एक, पण असतो दोन चिन्हांचा: बदाम स्वतः ३ बाइट, आणि त्यामागे "मला रंगीत दाखव" असं सांगणारं एक अदृश्य चिन्ह, `U+FE0F`, आणखी ३ बाइट. झाले ३०. शेवटी पणतीचे ४. एकूण ३४.

टर्मिनलवर स्वतः बघता येतं:

```
$ printf 'आईचं घर 🏠❤️🪔' | wc -c
34
```

मर्यादा ३२ ची, नाव ३४ चं. चांगला राउटर इथेच अडवतो आणि "नाव लांब आहे" म्हणतो. पण पुष्कळ राउटरांचं सेटिंगचं पान वेबवरच्या साध्या फॉर्मसारखं असतं, आणि तिथे `maxlength="32"` ही मर्यादा बाइट मोजत नाही. ती यूटीएफ-१६ चे एकक मोजते, आणि त्या हिशोबाने आपलं नाव फक्त १४ चं आहे. फॉर्म खुशाल पास करतो. नाव आत फर्मवेअरकडे पोचतं, आणि तिथे जर कुणी विचार न करता "पहिले ३२ बाइट घ्या" असं लिहिलं असेल, तर पणती मधोमध तुटते. तिचे चार बाइट `F0 9F AA 94`. त्यातले `F0 9F` हवेत जातात, उरलेले दोन गळतात.

लिनक्सवर स्कॅन केलं की हे उघड दिसतं, कारण `iw` ही आज्ञा इंग्रजीबाहेरचा प्रत्येक बाइट जसाच्या तसा आकड्यात दाखवते. आपल्या नावाची शेपटी अशी दिसेल:

```
\xf0\x9f\x8f\xa0\xe2\x9d\xa4\xef\xb8\x8f\xf0\x9f
```

पहिले चार घर, पुढचे सहा बदाम, आणि शेवटी लटकलेले दोन. अर्धी पणती. यूटीएफ-८ च्या नियमाने ही माळ आता अवैध आहे, आणि अवैध माळेचं काय करायचं ते प्रत्येक यंत्र आपापल्या परीने ठरवतं. कुणी शेवटी `�` दाखवतं. अँड्रॉइडच्या `getSSID()` ची तर लिखित अटच आहे की नाव यूटीएफ-८ म्हणून वाचता आलं तर अवतरणचिन्हांत मजकूर मिळेल, नाहीतर सोळा-आधारी आकड्यांची ओळ मिळेल. म्हणजे शेवटचे दोन बाइट तुटले म्हणून एखाद्या अॅपमध्ये "आईचं घर" हे धडधाकट शब्दसुद्धा `e0a486e0a488...` असे दिसू शकतात.

तेच बाइट, वेगळे चष्मे

आता समजा मुलाने बदाम काढून टाकला आणि नाव "आईचं घर 🏠🪔" एवढंच ठेवलं. २८ बाइट, व्यवस्थित मावतं. राउटर शहाण्यासारखा वागतोय. तरी सगळीकडे सारखं दिसेल का? नाही, कारण बाइट बरोबर पोचले तरी ते वाचायचा तक्ता प्रत्येकाकडे सारखा असेलच असं नाही. पणतीचे चारच बाइट घेऊ, `F0 9F AA 94`.

पश्चिम युरोपीय विंडोजच्या जुन्या तक्त्यात, म्हणजे कोड पेज १२५२ मध्ये, प्रत्येक बाइट हे एक स्वतंत्र अक्षर. तिथे पणती होते `ðŸª”`. त्याहून जुन्या डॉसच्या ४३७ क्रमांकाच्या तक्त्यात तेच चार बाइट `≡ƒ¬ö` होतात. छोट्या ओएलईडी पडद्यांवर छापणारी काही सॉफ्टवेअर अजूनही याच जुन्या तक्त्याचा फॉन्ट वापरतात. आणि दोन ओळींचे ते हिरवे-निळे एलसीडी असतात ना, प्रिंटरवर नाहीतर कॉलेजच्या प्रयोगशाळेत दिसणारे? त्यातल्या अनेकांत एचडी४४७८० जातीचा नियंत्रक असतो आणि त्याच्या जपानी आवृत्तीत कताकाना लिपी कायमची कोरलेली असते. तिथे `F0` म्हणजे इंग्रजी पी, `9F` रिकामं घर, `AA` म्हणजे कताकानातला छोटा "ए", आणि `94` पुन्हा रिकामं. पणतीच्या जागी एक पी आणि एक जपानी अक्षर उमटतं. यंत्र बिघडलेलं नाही, ते आपल्या तक्त्याशी प्रामाणिक आहे.

यातून ओळखायची एक सोपी खूण मिळते. बहुतेक इमोजींचे पहिले दोन बाइट `F0 9F` असतात, म्हणून १२५२ च्या चष्म्यातून ते नेहमी `ðŸ` ने सुरू होतात. देवनागरीची बहुतेक चिन्हं `E0 A4` ने सुरू होतात, म्हणून ती `à¤` अशी दिसतात. हे `à¤` जुन्या ईमेलमध्ये तुम्ही नक्की पाहिलं असेल. यादीत असं काही दिसलं तर समजायचं की बाइट शाबूत आहेत, फक्त चष्मा चुकलाय.

चौकोन दिसला तर प्रकार वेगळा. चौकोन म्हणजे यंत्राने बाइट बरोबर वाचले, कुठलं चिन्ह आहे तेही ओळखलं, पण त्याच्या फॉन्टमध्ये ते चित्र नाही. पणतीचा इमोजी २०१९ चा. त्याआधीच्या फोनला, टीव्हीला किंवा गाडीच्या स्टीरिओला अद्ययावत फॉन्ट मिळाला नसेल तर तिथे चौकोनच येणार. त्याच पडद्यावर घराचा इमोजी मात्र दिसू शकतो, कारण तो कितीतरी जुना आहे. म्हणून "या यंत्रावर इमोजी चालतात का" हा प्रश्न जरा अपुरा आहे. कोणता इमोजी, तेही विचारावं लागतं. विंडोजच्या स्वतःच्या इमोजी फॉन्टमध्ये देशांचे झेंडे नाहीत, त्यामुळे तिरंग्याच्या जागी तिथे IN ही दोन अक्षरं येतात. चौकोन नाही, कचरा नाही, तरी झेंडाही नाही.

आणखी एक प्रकार मराठी माणसाच्या पटकन लक्षात येतो: देवनागरी नीट दिसते आणि फक्त इमोजी गायब असतो. याचं कारण बऱ्याचदा असं की आतलं सॉफ्टवेअर युनिकोडच्या पहिल्या ६५,५३६ जागांपुरतंच लिहिलेलं असतं. देवनागरी त्या जागांत बसते, बहुतेक इमोजी त्याबाहेर आहेत. मायएसक्यूएल या डेटाबेसमधला `utf8` नावाचा प्रकार असाच तीन बाइटांवर थांबायचा. चार बाइटांसाठी २०१० मध्ये `utf8mb4` हा वेगळा प्रकार आणावा लागला. राउटरचं अॅप नावं असल्या जुन्या साठ्यात ठेवत असेल तर राउटरवर पणती असूनही अॅपमध्ये ती नसते.

दिसणं वेगळं, जोडणं वेगळं

इथपर्यंतचा त्रास डोळ्यांना होता. चौकोन दिसला तरी त्यावर बोट ठेवून जोडता येतं, कारण यंत्र आत मूळ बाइटच वापरतं. खरी अडचण तेव्हा येते जेव्हा यंत्र आधी बाइटांचा मजकूर बनवतं, आणि मग त्या मजकुराचे पुन्हा बाइट बनवतं. जाताना आणि येताना तक्ता वेगळा निघाला की नाव बदलतं. आईच्या दारावरच्या कॅमेऱ्याचं बहुधा हेच होतं.

यात दोन शक्यता आहेत. पहिली, कॅमेरा बदललेलं नाव हवेत शोधतो. त्या नावाचं नेटवर्क अस्तित्वातच नाही, म्हणून तो म्हणतो "नेटवर्क सापडलं नाही". दुसरी जास्त फसवी. डब्ल्यूपीए२ या सुरक्षापद्धतीत तुमचा पासवर्ड थेट किल्ली म्हणून वापरला जात नाही. पासवर्ड आणि नेटवर्कचं नाव ही दोन्ही एकत्र घेऊन ४०९६ वेळा घुसळली जातात आणि त्यातून २५६ बिटांची किल्ली निघते:

```
PMK = PBKDF2-HMAC-SHA1(passphrase, SSID, 4096, 256)
```

यातला `SSID` म्हणजे बाइट. यंत्राने जोडणीसाठी मूळ बाइट पाठवले, पण किल्ली काढताना मात्र बिघडलेला मजकूर वापरला, तर किल्ली वेगळी निघते. राउटरच्या दृष्टीने हे अगदी चुकीच्या पासवर्डसारखंच आहे. तो हस्तांदोलन मोडतो, आणि कॅमेरा सांगतो "पासवर्ड चुकीचा". मग आई चार वेळा पासवर्ड टाकते, मुलगा फोनवरून एकेक अक्षर सांगतो, शेवटी राउटर रीसेट होतो, आणि दोष मात्र पासवर्डमध्ये नव्हताच.

हे ओळखायची पद्धत एका मिनिटाची आहे. पासवर्ड तोच ठेवायचा आणि नाव तात्पुरतं साधं इंग्रजी करायचं, उदाहरणार्थ `aai`. नाव बदलल्यावर बाकीची यंत्रंही सुटतात, त्यामुळे हे सवडीने करावं. कॅमेरा लगेच जोडला गेला तर गुन्हेगार नाव. तरीही नाही जोडला गेला, तर मग पासवर्ड, अंतर, किंवा फक्त २.४ गिगाहर्ट्झवरच चालणारा कॅमेरा असल्या कारणांकडे वळायचं.

नाव हाताने टाइप करायची वेळ आली, म्हणजे नेटवर्क लपवलेलं असलं, की आणखी एक खड्डा आहे. अदृश्य शेपटीचा बदाम आणि बिनशेपटीचा बदाम डोळ्यांना सारखेच वाटू शकतात. बाइट मात्र ६ आणि ३, म्हणून नेटवर्क दोन. मराठीतही हे घडतं: "दऱ्या" मधला ऱ एकाच चिन्हात लिहिता येतो, किंवा र आणि खाली नुक्ता असा दोन चिन्हांत. दिसायला एक, बाइट ३ आणि ६. आणि ज्या कॅमेऱ्याला किंवा प्रिंटरला इमोजीचा कीबोर्डच नाही, त्याच्यावर लपवलेलं इमोजी नाव टाकणार तरी कसं?

स्पीकरची गोष्ट

ब्लूटूथ स्पीकरची नावं या बाबतीत जास्त शिस्तीत आहेत. ब्लूटूथच्या मानकाने पहिल्यापासून नाव यूटीएफ-८ मध्येच हवं असं ठरवलं आणि जागाही २४८ बाइटांची ठेवली. पण त्याच मानकात एक सावध ओळ आहे: समोरचं यंत्र पहिल्या ४० पेक्षा जास्त अक्षरं हाताळेल असं गृहीत धरू नका, आणि पडदा लहान असेल तर ते पहिली २० च वापरू शकतं.

शिवाय कमी ऊर्जेच्या ब्लूटूथमध्ये स्पीकर स्वतःची जाहिरात करतो त्या मूळ पाकिटात एकूण ३१ बाइट असतात. ३ बाइट झेंड्यांना, २ नावाच्या शीर्षाला, म्हणजे नावाला उरतात २६. आपलं ३४ बाइटांचं नाव स्पीकरला दिलं तर घरापर्यंत २४ होतात, आणि बदामाचे दोनच बाइट आत बसतात. नीट लिहिलेलं फर्मवेअर २४ वर थांबतं आणि "हे संक्षिप्त नाव आहे" अशी खूण लावतं. निष्काळजी फर्मवेअर २६ वर कापतं आणि यादीत शेवटी `�` येतं. जोडल्यावर फोन पूर्ण नाव वेगळं मागून घेतो, म्हणून काही वेळा यादीत तुटकं दिसलेलं नाव जोडल्यावर आपोआप सुधारतं. असं झालं तर तुमचा फोन दोषी नाही आणि स्पीकरमधलं मूळ नावही शाबूत आहे, फक्त जाहिरात तोकडी होती.

स्पीकरबद्दलची सगळ्यात जास्त ऐकू येणारी तक्रार मात्र बाइटांची नसतेच. "मी स्पीकरच्या नावात 🔊 टाकला, माझ्या फोनवर दिसतो, भावाच्या फोनवर नाही." फोनच्या ब्लूटूथ सेटिंगमध्ये नाव बदललं की सहसा फक्त त्या फोनवरचं टोपणनाव बदलतं. स्पीकरला त्याचा पत्ताच नसतो. खरं नाव बदलायचं तर ते स्पीकरच्या स्वतःच्या अॅपमधून, आणि कंपनीने तशी सोय दिली असेल तरच. गाडीच्या बाबतीत उलटं असतं: गाडीच्या पडद्यावर तुमच्या फोनचं नाव दिसतं. तिथे चौकोन आला तर बदल फोनच्या नावात करायचा.

मग नाव ठेवायचं कसं

इमोजी हवाच असेल तर एक जुना, एकटा इमोजी घ्या, आणि तो नावाच्या शेवटी ठेवा. कुठे दिसला नाही तरी आधीचे शब्द वाचता येतात. कुटुंबाचा चार माणसांचा इमोजी टाळा. तो चार इमोजी आणि तीन अदृश्य जोडचिन्हं मिळून बनतो, २५ बाइट खातो, आणि फॉन्ट जुना असेल तर चार सुटी माणसं उभी राहतात. मराठी नाव हवं असेल तर दहा चिन्हांच्या आत ठेवा, म्हणजे ३० बाइट, आणि इमोजी जोडायचा असेल तर नऊ.

घरात कॅमेरा, प्लग, प्रिंटर असली यंत्रं असतील तर आणखी सोपा मार्ग म्हणजे राउटरवरचं पाहुण्यांचं नेटवर्क. बहुतेक राउटरांत ही सोय असते. पणती तिथे लावा, पाहुण्यांना दिसेल. यंत्रांच्या मुख्य नेटवर्कला साधं इंग्रजी नाव राहू द्या. ते नाव कॅमेऱ्याशिवाय कुणी वाचत नाही, आणि कॅमेऱ्याला सणवार नसतात.